फुलबाजी, टिकल्या आणि चमकी: दिवाळीच्या फोटोत चेहरा पांढराफटक पडू नये म्हणून काय करायचं

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळच्या फोटोंत एकच चूक घरोघरी दिसते. ठिणग्या सुंदर आलेल्या असतात, ब्लाउजवरच्या टिकल्या लखलखत असतात आणि चेहऱ्याच्या जागी नाकडोळे पुसलेला पांढरा डाग असतो. मग तो फोटो एडिट करून काळोखा केला जातो आणि पांढऱ्या डागाचा राखाडी डाग होतो.

बहुतेकांची चूक क्रमात असते. आधी फुलबाजी पेटते, मग फोन बाहेर येतो, मग घाईघाईत बटण दाबलं जातं, आणि चेहऱ्यावर किती उजेड पडतोय हा विचार सगळ्यात शेवटी येतो. खरं तर तोच आधी करायचा. फुलबाजीच्या फोटोत चेहरा जळणार की नाही हे फुलबाजी चेहऱ्यापासून किती लांब आहे यावर ठरतं. कॅमेऱ्याची सेटिंग त्यानंतर येतात.

सगळ्या टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. वीस-बावीस वर्षांची पुतणी, अंगावर कॉटनची साडी आणि सोनेरी टिकल्यांचं ब्लाउज, गालांवर थोडी चमकी, हातात फुलबाजी. जागा इमारतीची गच्ची, मागे शेजाऱ्यांचे आकाशकंदील.

## टप्पा १: अंधार पडायच्या आधीची तयारी

कपडे. ब्लाउजच्या गळ्याजवळच्या टिकल्या चेहऱ्याला सगळ्यात जास्त त्रास देतात. प्रत्येक टिकली फुलबाजीचा उजेड उचलून वर फेकते आणि हनुवटीखाली, जबड्यावर पिवळे-पांढरे ठिपके उमटतात. फोटोत ते त्वचेवरच्या डागांसारखे दिसतात. पदर खांद्यावरून थोडा पुढे घेऊन गळ्याजवळचा भाग झाकला, तर हे ठिपके बऱ्यापैकी जातात. बाहीवरच्या टिकल्या उघड्या राहू द्या, त्यांची चमक चेहऱ्यापर्यंत फारशी पोचत नाही.

> सावधान: नेटचा घागरा, शिफॉनची ओढणी किंवा कुठलाही सिंथेटिक घोळदार कपडा घालून हातात फुलबाजी धरू नका. असं कापड ठिणगीने पेटतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. तो पोशाख फोटोत हवाच असेल तर त्याचे फोटो दिव्यांच्या उजेडात वेगळे काढा. फुलबाजीच्या फोटोंसाठी सुती कपडे घाला, केस बांधा आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. विझलेली तार बराच वेळ तापलेली असते, ती थेट बादलीत टाका.

चेहरा. गालाचं हाड, नाकाचा शेंडा आणि कपाळाचा मधला भाग आधीच उजेड जास्त परत फेकतात. नेमक्या तिथेच हायलाइटर किंवा चमकी लावली की त्या जागा सगळ्यात आधी पांढऱ्या होतात. चमकी डोळ्यांच्या बाहेरच्या कडेला किंवा कानशिलाकडे सरकवा. घाम आणि तेलकटपणा टिश्यूने टिपून घ्या. चोळू नका, चोळल्याने चमकी सगळ्या गालभर पसरते.

फ्लॅश वापरणार असाल तर पावडरकडे लक्ष द्या. सनस्क्रीन असलेल्या पावडरीत आणि फाउंडेशनमध्ये बऱ्याचदा झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि काही बारीक पारदर्शक पावडरी सिलिकाच्या असतात. आरशात यांतलं काहीच दिसत नाही, पण समोरून फ्लॅश पडला की चेहरा पीठ फासल्यासारखा येतो. पावडर लावल्यावर संध्याकाळीच फ्लॅशने एक चाचणी फोटो काढा. चेहरा मानेपेक्षा पांढरा आला तर ती पावडर पुसून टाका.

भिंग. दिवसभर फोन तेलकट, पिठाळ हातांत फिरलेला असतो. त्या बोटांच्या ठशांमुळे फुलबाजीचा झगझगाट चौफेर पसरतो आणि चेहऱ्यावर धुक्यासारखा पडदा येतो. मऊ सुती कापडाने भिंग पुसा. कॅमेऱ्यावर संरक्षणासाठी काच लावली असेल तर ती या फोटोंपुरती काढा, कारण तिच्यात फुलबाजीचं उलटं भूत उमटतं.

## टप्पा २: वेळ आणि जागा

लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, त्यामुळे आकाश मिट्ट काळं. कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मोजतो, त्यात मोठा भाग काळा सापडतो आणि फोटो फार अंधारा येणार अशा समजुतीने तो उजेड वाढवतो. वाढलेला सगळा उजेड चेहऱ्यावर जातो.

म्हणून सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं हातची घालवू नका. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि आपल्याकडे संधिप्रकाश लवकर सरतो. त्या वेळात आकाश गडद निळं असतं, चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूलाही थोडा उजेड मिळतो आणि फुलबाजी व चेहरा यांच्यातला फरक आवाक्यात राहतो. पूजेच्या गडबडीत ही वेळ साधली नाही तर जागा नीट निवडा. पुतणीच्या ज्या बाजूला फुलबाजी नसेल त्या बाजूला तीन-चार फुटांवर पांढरी भिंत, वाळत घातलेली पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा असू द्या. फुलबाजीचा उजेड तिथून परत येऊन अंधाऱ्या गालावर पडतो.

वारा कुठून येतोय तेही बघा. फुलबाजीचा धूर पुतणीच्या तोंडावरून किंवा तुमच्या भिंगासमोरून जात असेल तर त्यावर पडणारा उजेड सगळा फोटो पांढुरका करतो. धूर चौकटीच्या बाहेर जाईल अशा बाजूला तिला उभं करा.

## टप्पा ३: न पेटवलेल्या फुलबाजीने अंतर ठरवा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

उजेडाचा उगम छोटा असेल तर अंतर दुप्पट केल्यावर उजेड एक चतुर्थांश होतो. पुतणी कोपरात हात वाकवून फुलबाजी धरते तेव्हा ती चेहऱ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर असते. हात सरळ केला की अंतर ६० सेंटिमीटरच्या आसपास जातं. नुसता हात सरळ केल्याने चेहऱ्यावरचा उजेड चौपट कमी झाला, फोटोग्राफीच्या भाषेत दोन स्टॉप उतरला. मागचे आकाशकंदील मात्र होते तसेच राहिले, कारण त्यांचा फुलबाजीशी संबंध नाही. त्यामुळे चेहरा आणि मागचे दिवे दोन्ही एकाच फोटोत नीट बसायला लागतात. कॅमेऱ्यात फक्त उजेड कमी केला असता तर चेहऱ्याबरोबर कंदीलही विझले असते.

लांब धरण्याचा दुसरा फायदा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. माणूस हसतो, हलतो, मान पुढे काढतो. फुलबाजी ३० सेंटिमीटरवर असताना चेहरा पाच सेंटिमीटर पुढे आला तर उजेड जवळजवळ दीडपट होतो आणि जमलेली सेटिंग वाया जातात. ६० सेंटिमीटरवर तेवढ्याच हालचालीने उजेड पाचवा हिस्साच वाढतो. तेवढं फोटोत खपून जातं.

दिशेचंही बघा. फुलबाजी छातीजवळ खाली धरली तर उजेड खालून येतो, हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात आणि चेहरा भेसूर दिसतो. शिवाय ब्लाउजच्या टिकल्या तिथूनच सगळ्यात जास्त उजेड वर फेकतात. फुलबाजी अगदी कॅमेऱ्याच्या रेषेत, समोर धरली तर ठिणग्यांचा झोत चेहऱ्यावरच येतो. हात बाजूला आणि थोडा पुढे, उंची हनुवटी ते डोळ्यांच्या मध्ये, आणि मान किंचित फुलबाजीकडे वळलेली, अशी ठेवण घ्या. या ठेवणीत दोन्ही डोळ्यांत उजेड येतो.

हे सगळं न पेटवलेल्या फुलबाजीने दोन-तीनदा करून बघा. हात कुठपर्यंत न्यायचा हे तिला कळलं पाहिजे, कारण फुलबाजी पेटल्यावर सगळ्यांचा हात नकळत वाकतो.

> तपासणी: फोटो काढणाऱ्याने आपले डोळे अर्धवट मिटून चेहऱ्याकडे पाहायचं. तरीही जबड्याखाली टिकल्यांचे ठिपके चमकताना दिसले तर पदर आणखी वर घ्या किंवा धड जरा तिरकं करा. ही तपासणी फुलबाजी पेटल्यावर पुन्हा एकदा करायची.

दोघी-तिघी असतील तर मधल्या जागेत फुलबाजी धरू नका, तिच्या शेजारचे दोन्ही चेहरे जळतात आणि कडेचे काळोखात जातात. प्रत्येकीने बाहेरच्या बाजूचा हात सरळ करून धरावी आणि कोणाचीही फुलबाजी दुसरीच्या चेहऱ्यापासून हातभराच्या आत येऊ नये. भुईनळ्याचं गणित वेगळं आहे. त्याचा उजेड क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून चेहरे निदान दोन-अडीच मीटर लांब ठेवा आणि कारंजं चढत असताना फोटो न काढता पूर्ण चढल्यावर काढा.

## टप्पा ४: पहिली फुलबाजी चाचणीसाठी

एक फुलबाजी मोजमापासाठी खर्च करायची असं आधीच ठरवा.

### फोनवर

१. नाइट मोड बंद करा. हा मोड एक ते तीन सेकंदांत अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो. फुलबाजीसमोर चेहरा त्यात हलतो आणि गरजेपेक्षा जास्त उजळतो. आयफोनवर चंद्राचं चिन्ह पिवळं दिसत असेल तर तो चालू आहे. फ्लॅशही बंद करा.

२. फुलबाजी पेटवा आणि पहिले काही सेकंद जाऊ द्या. सुरुवातीला उजेड भडकतो आणि दचके खातो.

३. उजेड स्थिर झाला की स्क्रीनवर चेहऱ्याच्या उजळ गालावर बोट दाबून धरा. आयफोनवर `AE/AF LOCK` असं दिसतं. बहुतेक अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं.

४. शेजारचं सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी खाली ओढा. गालाचा पोत दिसायला लागला की थांबा. चेहरा डोळ्यांना हवा त्यापेक्षा जरासा गडद वाटेल, तो तसाच राहू द्या.

> नेहमीची चूक: फुलबाजी पेटायच्या आधीच लॉक करणं. तेव्हा चेहरा अंधारात असतो, फोन त्या अंधाराचा हिशेब धरतो आणि फुलबाजी पेटताच चेहरा पांढरा होतो. लॉक नेहमी पेटलेल्या फुलबाजीच्या उजेडात करायचं.

दुसरी चूक म्हणजे फुलबाजीवरच बोट ठेवणं. मग ठिणग्या रेखीव येतात आणि माणूस काळी आकृती होतो. फुलबाजीचा गाभा फोटोत पांढराच येणार, टिकल्यांवरची चमकही पांढरीच येणार. त्यांना पांढरं राहू द्या. त्वचेचे तपशील वाचवायचे आहेत.

### कॅमेऱ्यावर

ऑटोवर ठेवू नका. ठिणग्या कमीजास्त झाल्या की प्रत्येक फोटोत चेहऱ्याचा उजेड बदलतो. मॅन्युअल मोडवर या आणि इथून सुरुवात करा: अ‍ॅपर्चर f/2.8, शटर स्पीड 1/125, आयएसओ 800. किट लेन्स असेल आणि f/5.6 च्या पुढे उघडत नसेल तर आयएसओ 3200. फुलबाजी प्रत्येक बनावटीची वेगळी जळते, म्हणून हे आकडे फक्त सुरुवातीचे समजा. फाइल रॉमध्ये ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून एका जागी बांधा, म्हणजे सगळ्या फोटोंत त्वचेचा रंग एकसारखा राहील.

एक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून उजळ गाल बघा. जळलेले भाग लुकलुकून दाखवणारी सोय कॅमेऱ्यात असेल तर ती चालू ठेवा. फुलबाजी आणि टिकल्या लुकलुकल्या तर हरकत नाही. गाल, नाक, कपाळ लुकलुकता कामा नये. लुकलुकले तर आयएसओ निम्मा करा आणि पुन्हा बघा.

> तपासणी: हिस्टोग्राम तीन रंगांत वेगवेगळा बघा. फुलबाजीच्या पिवळट उजेडात त्वचेचा लाल रंग सगळ्यात आधी काठोकाठ भरतो. एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही लाल आलेख उजव्या भिंतीला टेकलेला असू शकतो. तेव्हा गाल पांढरा न होता सपाट नारिंगी-पिवळा होतो आणि त्वचेची बारीक रंध्रं दिसेनाशी होतात. असं दिसलं तर आणखी अर्धा स्टॉप उतरा.

मागे एलईडी दिव्यांच्या माळा असतील आणि फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर शटर 1/100 किंवा 1/50 वर आणा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने स्वस्त माळा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात.

## टप्पा ५: प्रत्यक्ष फोटो

दुसरी फुलबाजी पेटवा. आता सेटिंगला हात लावायचा नाही. चेहरा जास्त उजळ वाटला तर तिला एवढंच सांगा, "हात लांब कर." अंधारा वाटला तर, "जरा जवळ घे." चार बोटं हात सरकला तरी फोटोत फरक दिसतो, आणि कॅमेऱ्याची बटणं शोधण्यापेक्षा हे लवकर होतं.

साधी फुलबाजी अर्धा-पाऊण मिनिट जळते. मधल्या भागात, उजेड स्थिर असताना, सलग फोटो काढा. फोनवर लॉक केलं असेल तर मध्ये दुसरीकडे बोट लागू देऊ नका, लॉक सुटतो. शेवटी ज्योत हाताच्या बाजूला सरकत येते आणि चेहऱ्यापासूनचं अंतर कमी होतं. तेव्हा थांबा, फुलबाजी बादलीत टाका आणि पुढची पेटवायच्या आधी गाल पुन्हा मोठा करून बघा.

आमच्या उदाहरणात पहिल्या चाचणीत, हात वाकलेला असताना, सगळा उजवा गाल लुकलुकत होता. हात सरळ केल्यावर फक्त नाकाचा शेंडा आणि चमकीचा एक पट्टा उरला. आयएसओ 800 वरून 400 केल्यावर नाक सुटलं. चमकीचे चार-पाच कण लुकलुकत राहिले, ते राहू दिले, कारण चमकी चमकलीच पाहिजे.

## टप्पा ६: फ्लॅश लागणारच असेल तर

फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो, म्हणून कॅमेऱ्याकडे तोंड असलेली प्रत्येक टिकली उजेड सरळ परत फेकते. ब्लाउज पांढऱ्या ठिपक्यांचं होतं, आणि ऑटो फ्लॅश कधी त्या ठिपक्यांना बिचकून चेहरा काळा करतो, तर कधी मागच्या अंधाराला बिचकून चेहरा जाळतो. त्यामुळे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट तोंडावर मारू नका.

गच्चीवर छत नसतं, पण जिन्याची पांढरी भिंत असते. वेगळा फ्लॅश असेल तर त्याचं तोंड त्या भिंतीकडे वळवा. भिंतीवरून परतलेला उजेड मोठ्या पृष्ठभागावरून येतो, टिकल्यांवर मऊ चमक पडते आणि चेहराही मऊ उजळतो. ताकद अगदी कमी, 1/32 पासून सुरू करा. फ्लॅशने फक्त सावलीतली बाजू उघडायची आहे, मुख्य उजेड फुलबाजीचाच राहिला पाहिजे. फ्लॅशवर फिकट नारिंगी जिलेटिन लावलं तर चेहऱ्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर असं होत नाही. धड कॅमेऱ्यापासून थोडं तिरकं आणि फक्त मान कॅमेऱ्याकडे, एवढ्यानेही टिकल्यांचा मारा बराच उतरतो.

टिकल्यांची चमक मारायला पोलरायझर लावावा असा सल्ला फिरत असतो. तो पाण्यावरची आणि काचेवरची चमक कापतो. टिकलीवर धातूचा थर असतो, आणि धातूवरून परतणाऱ्या उजेडावर पोलरायझर जवळजवळ निष्प्रभ असतो. वर तो एक-दीड स्टॉप उजेड खातो, त्यामुळे रात्री तो काढूनच ठेवा.

## टप्पा ७: एडिट करताना

आधी फोटो निवडा. गालाचा पोत शिल्लक असलेलाच घ्या, हसू थोडं कमी असलं तरी चालेल. जेपीजीमध्ये पूर्ण पांढरा झालेला गाल कुठल्याही अ‍ॅपने परत येत नाही, कारण त्या जागी माहितीच नोंदलेली नसते. रॉ असेल तर थोडंसं, साधारण एक स्टॉपपर्यंत, मागे खेचता येतं.

निवडलेल्या फोटोचं सगळं एक्स्पोजर उतरवू नका. फक्त चेहरा निवडा. लाइटरूममध्ये `Masking` मधून माणसाची त्वचा वेगळी निवडता येते. स्नॅपसीडमध्ये `Selective` घेऊन उजळ गालावर टिचकी मारा, दोन बोटांनी वर्तुळ गालाएवढं लहान करा आणि ब्राइटनेस थोडा कमी करा. वीस-पंचवीसच्या पुढे गेलात की गाल राखाडी पडायला लागतो. तिथून मागे या.

नंतर चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूला जरा उजेड द्या. दोन गालांतला फरक कमी झाला की उजळ गाल आपोआप कमी उजळ वाटतो. फार खेचलं तर सावलीत रंगीत दाणे दिसतात, म्हणून फोटो मोठा करून बघत बघत वाढवा.

`Clarity`, `Structure` यांसारख्या पट्ट्या सगळ्या फोटोला लावू नका. त्यांनी चमकीचा प्रत्येक कण टोकदार पांढरा होतो आणि चेहऱ्यावर पुरळ आल्यासारखं दिसतं. ठिणग्या उठावदार हव्या असतील तर तेवढाच भाग निवडून द्या. डोळ्याच्या अगदी खाली किंवा ओठावर पडलेले दोन-तीन मोठे कण हीलिंगने काढा, बाकीचे सोडा.

शेवटी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवल्यावर तो दाबला जातो, आणि झगझगाटाभोवतीचा मऊ उतार तुटून चेहऱ्याच्या कडेला पायऱ्या-पायऱ्या दिसतात.